ढिगाचा तळ दिसायला हवा

वाचकाचं पत्र

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून तीन ढीग आहेत. आधी बाभळीचं सरपण आणि तुराट्या, मग गोवऱ्या, आणि पलीकडे कडब्याची गंजी. स्वयंपाकघराचं मागचं दार तिथेच उघडतं. गेल्या महिन्यात सरपण काढताना जाऊबाईंना विंचू चावला. परवा गोवऱ्यांतून नाग निघाला, तो सर्पमित्रानं नेला. मी म्हणते सगळं उचलून लांब टाकू. सासूबाई म्हणतात, पावसात भिजेल, रोज लांबून आणायचं कोणी? शिवाय ढिगात धामण आहे, ती उंदीर खाते, राखण करते. आमचे हे म्हणतात, ढिगात उंदराचं औषध टाकू आणि भोवती फिनेल शिंपडू. घरात पाच आणि आठ वर्षांची मुलं आहेत, सगळे खालीच झोपतो. पावसाला दोन महिने आहेत. काय करावं?

— एक वाचक, मराठवाडा

उत्तर

ताई,

ढिगांचं काम महिनाभर चालेल, पण एक गोष्ट आज रात्रीच करा. मुलांना बाजेवर किंवा खाटेवर झोपवा, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचा. खाट मागच्या भिंतीपासून दूर ठेवा आणि पांघरूण जमिनीला टेकू देऊ नका. नागापेक्षाही मण्यारीसाठी हे सांगते आहे. मण्यार रात्री फिरते, खाली झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश बहुतेकदा दुखतही नाही, सुजतही नाही. मागच्या भिंतीला उंदरांची वस्ती असेल तर तिचं येणं-जाणं तिथे असू शकतं. खोचलेली मच्छरदाणी तिला अडवते, विंचवालाही अडवते.

आता ढिगांकडे येऊ. नाग गोवऱ्यांसाठी येत नाही, उंदरासाठी आणि बेडकासाठी येतो. विंचू लाकडासाठी येत नाही. त्याला झुरळं, रातकिडे हवे असतात आणि दिवसा अंग चेपून बसायला फट हवी असते. उंदीर कशासाठी आला, हे मात्र तुमच्या परसात नीट शोधावं लागेल. कडब्याच्या पेंढ्यांत अर्धवट राहिलेली कणसं, दावणीखाली सांडलेली सरकी पेंड, कोंबड्यांना टाकलेले दाणे, सोयाबीनच्या भुसकटात राहिलेले दाणे, हे त्याचं जेवण. ढीग हे त्याचं घर. जेवण आणि घर पाच पावलांच्या अंतरात मिळालं की तो तिथून हलत नाही. उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांच्या गर्भारपणानंतर सहा ते दहा पिल्लं घालते, त्यामुळे संख्या वाढायलाही वेळ लागत नाही.

तुमचं म्हणणं असं की ढीग लांब गेले की प्रश्न संपला. ते अर्धंच खरं आहे. तसाच्या तसा ढीग पन्नास फुटांवर नेला तर उंदीर, विंचू आणि साप तिथे राहायला जातील, आणि सरपण आणायला तिथे जाणारा हात घरातल्याच कुणाचा तरी असेल. तुमच्या ढिगातून सरपण कसं काढलं जातं ते आठवून बघा. रोजचं वरून किंवा पुढून काढतात. पाऊस तोंडावर आला की नवं सरपण त्यावरच रचतात. म्हणजे तळाचा हात-दोन हात थर वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. तिथे ओल राहते, अंधार राहतो, लाकूड कुजतं, साल सुटते, किडे होतात. उंदरांची बिळं आणि विंचवांच्या जागा मुख्यतः त्याच थरात असतात. ढीग कुठेही असो, त्याचा तळ वर्षातून निदान एकदा मोकळा होऊन झाडला गेला पाहिजे, आणि ढिगाच्या खालून-मागून उजेड दिसला पाहिजे. पुढची सगळी मांडणी याच हिशेबानं सांगते.

सासूबाईंची धामणीबद्दलची माया मला समजते. धामण बिनविषारी आहे, उंदीर खाते, तिला मारायचं मुळीच नाही. पण ती तुमच्याकडे टिकून आहे याचा अर्थ तिला तिथे रोज पुरेसं खायला मिळतं, असा घ्यायला हवा. आणि धामण असली की नाग येत नाही, हा समज खरा नाही. परवा तुम्ही ते पाहिलंच.

यजमानांच्या औषधाबद्दल स्पष्टच सांगते, ढिगात विष टाकू नका. झिंक फॉस्फाईडच्या काळ्या भुकटीवर उतारा नाही. उंदीर विषारी दाणा ओढत नेऊन कडब्यात सांडतो, मग तो शेळी, कोंबडी किंवा पाच वर्षांचं मूल यांच्यापैकी कुणाच्याही तोंडात जाऊ शकतो. शिवाय थोडंसं खाऊन आजारी पडलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. जे मरतात ते ढिगाच्या पोटात मरतात, आणि खाणं तसंच राहिल्यानं त्यांची जागा शेजारचे उंदीर घेतात. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या बिळात टाकायचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका. त्यांचा वायू भिंतीच्या फटींतून घरात येतो आणि झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. फिनेल किंवा कार्बोलिक ॲसिड शिंपडल्यानं साप येत नाही, याचाही भरवसा नाही. वास दोन दिवसांत उडतो आणि आपण निर्धास्त होऊन अंधारात हात घालतो, खरा तोटा तो.

दोन महिने हातात आहेत, म्हणजे वेळ चांगली आहे. पण लगेच ढीग उपसायला घेऊ नका. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. उत्साहानं एका दिवसात ढीग हलवला की त्यातले पंधरा-वीस उंदीर जवळच्या आडोशाला पळतात, आणि तो आडोसा म्हणजे तुमचं स्वयंपाकघर. मग त्यांच्यामागून साप घरात येतो, आणि लोक म्हणतात, साफसफाई केली म्हणून साप आला. म्हणून आधी घर बंद करायचं, मग खाणं बंद करायचं, मग उंदीर पकडायचे, आणि शेवटी ढिगाला हात लावायचा.

घर बंद करायचं म्हणजे मागची भिंत आतून-बाहेरून तपासायची. लहान उंदराला करंगळीच्या जाडीची फट पुरते, मोठ्या घुशीला मात्र चांगलं भोक लागतं. म्हणून सहा मिलिमीटरपेक्षा मोठी कोणतीही फट उघडी ठेवू नका. भोकात नुसती माती किंवा चिंध्या कोंबल्या तर उंदीर दोन रात्रींत पुन्हा उकरतो. आधी बारीक तारेच्या जाळीचा बोळा घट्ट बसवा आणि त्यावर सिमेंट लावा. मोरीच्या तोंडाला पक्की लोखंडी जाळी बसवा. मागच्या दाराखाली बोट जाईल एवढी फट असतेच, तिथे पत्र्याची पट्टी ठोका. साप अशाच फटीतून येतो.

मग खाणं. पेंड, भरडा आणि कोंबड्यांचं धान्य पोत्यातून काढून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा पिंपात ठेवा. दावणीत उरलेलं संध्याकाळीच उचला. कोंबड्यांना जेवढं टिपतात तेवढंच टाका. कडब्यात कणसं राहिली असतील तर ती आताच खुडून काढा, कारण गंजी किती उंदीर पोसणार ते बरंचसं त्यावरच ठरतं.

हे झालं की पिंजरे. तुमच्या एवढ्या परसाला सहा ते आठ पिंजरे लागतील. शेजारी, भावकी यांच्याकडून मागून आणले तरी चालतील. उंदीर उघड्यावरून जात नाही, भिंतीच्या कडेकडेनं पळतो. म्हणून पिंजरा भिंतीला चिकटवून, तोंड त्याच्या वाटेवर येईल असा ठेवा. आमिषाला भाजलेलं खोबरं, भजं किंवा शेंगदाण्याची चटणी लावलेला भाकरीचा तुकडा चालतो. पहिल्या दोन रात्री पिंजरा लावू नका, दार उघडं बांधून फक्त आमिष ठेवा. नव्या वस्तूला उंदीर बिचकतो, आणि दोन रात्री सुखरूप खाऊन गेला की तिसऱ्या रात्री बेधडक आत जातो. मग सगळे पिंजरे एकदम लावा. लागोपाठ तीन रात्री एकही सापडला नाही की संख्या पुरेशी उतरली असं समजा.

पिंजऱ्यावरच विसंबू नका, राखेची परीक्षा करा. संध्याकाळी ढिगाच्या पुढे आणि भिंतीकडेनं चुलीच्या चाळलेल्या राखेचा वीतभर रुंद पट्टा पसरा. सकाळी त्यावर बारीक पावलं आणि मध्ये शेपटीची रेघ दिसली तर तिथून उंदीर गेला. जमिनीतली बिळं ओल्या मातीनं लिंपून ठेवा. सकाळी जे उकरलेलं दिसेल ते चालू बीळ, बाकीची जुनी. लेंड्या झाडताना आधी पाणी शिंपडा, हातात रबरी मोजे घाला आणि पायावर जखम असेल तर ती झाका. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो.

दिवसा लपलेले विंचू बघायचे असतील तर अतिनील बॅटरी घ्या. नोटा तपासायला वापरतात तशीच, जांभळा प्रकाश देणारी. अंधारात तिचा झोत टाकला की विंचू हिरवट-निळा चमकतो. पायात बूट घालून, पाच-सहा फुटांवरून, अंधार पडल्यावर तासाभरानं ढिगाभोवती एक फेरी मारा आणि किती दिसले ते लिहून ठेवा. काम झाल्यावर महिन्यानं पुन्हा मोजा. सासूबाईंना आणि यजमानांना पटवायला ते दोन आकडे उपयोगी पडतील.

ढीग उपसायचा दिवस उजेडाचा निवडा आणि सकाळी आठला सुरुवात करून अकरापर्यंत थांबा. तीन ढीग तीन वेगळ्या दिवशी घ्या. सुरुवात कडब्यापासून करा, कारण तो दारापासून सर्वांत दूर आहे. मग गोवऱ्या, शेवटी दारालगतचं सरपण. दोन माणसं हवीत, एक काढणारं आणि एक फक्त बघणारं. दोघांच्या पायांत गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे बूट, हातांत जाड चामडी मोजे. मुलं, कोंबड्या आणि कुत्रं त्या दिवशी पुढच्या अंगणात.

आधी ढिगावर काठीनं चार-सहा वेळा जोरानं आपटा आणि पाच मिनिटं बाजूला थांबा. मग ढीग घराच्या बाजूनं उपसायला लागा आणि दूरची बाजू मोकळी ठेवा, म्हणजे आत जे असेल त्याला घरापासून लांब जायची वाट मिळेल. लांब दांड्याच्या दाताळ्यानं ओढून काढा, बोटं खाली घालून उचलू नका. मोठं लाकूड उचलताना आधी पायानं किंवा काठीनं उलटं करा. विंचू खालच्या अंगाला उलटा चिकटलेला असतो, म्हणून वरून स्वच्छ दिसणारं लाकूडच हाताला धोका देतं. साप दिसला तर तीन-चार पावलं मागे या. एकानं नजर ठेवायची, दुसऱ्यानं सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. मारायला कुणी धावू नये. साप चावल्याच्या कितीतरी घटना मारताना किंवा पकडतानाच होतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सापांना संरक्षणही आहे.

तळाला जे कुजकं, साल सुटलेलं, भुगा झालेलं निघेल ते पुन्हा रचू नका. उकिरड्यात घाला, खत होईल. जमीन खरवडून बिळं खणून बुजवा, धुम्मसानं चोपा आणि दोन दिवस ऊन खाऊ द्या.

आता नवी मांडणी. सासूबाईंची अडचण खरी आहे आणि तिचं उत्तर मिळाल्याशिवाय काहीच टिकणार नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला रोज परसाच्या टोकाला पाठवून चालणार नाही. म्हणून सरपणाचे दोन भाग करा. तीन दिवसांचं दाराशी आणि बाकी वर्षाचं लांब. दाराशी भिंतीला लोखंडी कोन ठोकून जमिनीपासून दोन फुटांवर एक फळी किंवा जाळीची मांडणी करा, समोरून उघडी, वर पत्र्याचा तुकडा. तिच्यात तीन दिवसांची लाकडं आणि वीसेक गोवऱ्या राहतात. दर तिसऱ्या दिवशी ती पूर्ण रिकामी होते, फडक्यानं झटकली जाते आणि कुणीतरी तरुण माणूस दिवसा भरून ठेवतं. म्हणजे पहाटेच्या अंधारात सासूबाईंचा हात जिथे जातो ती जागा तीन दिवसांपूर्वी झाडलेली असते. चुलीखालच्या पोकळीत मात्र सरपण कोंबून ठेवू नका. उबेला झुरळं येतात आणि झुरळांमागून विंचू.

वर्षाच्या सरपणाला घराच्या भिंतीपासून शक्य तेवढं लांब न्या. वीस-पंचवीस फूट मिळाले तर उत्तम. जागा नसेल तर निदान दोन फूट तरी भिंत सोडा. सहा इंचांची फट ठेवून लोक समाधान मानतात, पण ती सर्वांत वाईट, कारण तिच्यात झाडू जात नाही, उजेड जात नाही आणि उंदराला दोन्ही बाजूंनी आडोसा मिळतो. दोन फुटांत माणूस आडवा होऊन चालू शकतो.

माच जमिनीपासून दीड फूट उंच करा. एवढी उडी उंदीर सहज मारतो, त्यामुळे उंचीनं तो अडणार नाही. दीड फुटाचा उपयोग वेगळा आहे. खालून आरपार दिसतं, झाडू फिरतो, मांजर फिरतं, ओल चढत नाही, आणि उघड्यावर राहायला उंदराला आवडत नाही. आठ फूट लांब, तीन फूट रुंद माच आणि त्यावर चार फूट उंचीचं सरपण रचलं तर बाभळीचं वजन टनाच्या वर जातं, म्हणून पाय कच्चे नकोत. आठ इंच उंचीचे भरीव सिमेंटचे ठोकळे एकावर एक दोन ठेवले की सोळा इंच होतात आणि त्यावर वासे आले की दीड फूट भरतं. दर दोन फुटांवर अशी एक जोडी पुढे, एक मागे. आठ फुटांना पुढे पाच आणि मागे पाच जोड्या, म्हणजे वीस ठोकळे. पोकळ ठोकळे मिळाले तर त्यांची भोकं सिमेंटनं बुजवा, नाहीतर विंचवांना आयत्या खोल्या मिळतात. वाशांऐवजी बांबू वापरणार असाल तर त्याची दोन्ही तोंडंही तशीच बंद करा. हे बारीकसं काम हमखास राहून जातं.

या माचेचे मधोमध दोन भाग पाडा, चार-चार फुटांचे. उजवा भाग तळापर्यंत संपेपर्यंत डाव्याला हात लावायचा नाही. उजवा रिकामा झाला की वासे झाडून, खालची जमीन झाडून मगच नवं रचायचं, मग डाव्याची पाळी. लाकडं एकाच लांबीची, दीड-दोन फुटांची तोडून घट्ट रचा. वेडीवाकडी फांदी आत घातली की पोकळी तयार होते. तुराट्या आणि काटक्यांच्या मोळ्या भिंतीला उभ्या टेकवू नका, त्या माचेवर आडव्या आणि सर्वांत आधी संपवायच्या. कपाशीच्या पऱ्हाट्या साठवत असाल तर त्या ठेवूच नका. त्यांच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी टिकते आणि पुढच्या हंगामात शेतात जाते, म्हणून कृषी विभागही साठवू नका असंच सांगतो.

पावसासाठी वर पत्रा किंवा ताडपत्री लागेल. पत्रा पुढे-मागे एक-एक फूट बाहेर काढा. ताडपत्री असेल तर ती फक्त वर आणि वरच्या फूटभर बाजूंना येऊ द्या. जमिनीपर्यंत सोडली की आत घाम धरतो आणि पडद्याआड अंधाराची वाट तयार होते. मग माच करूनही उपयोग होत नाही.

गोवऱ्यांच्या बाबतीत जुनी रीत चांगली आहे, फक्त तिचा आकार बदलायचा. उडव्याला बाहेरून शेणाचा लेप देतात तेव्हा तो बंद पेटीसारखा होतो, आत काही जात नाही. बिघाड होतो तो एका बाजूनं तोंड पाडून सहा-आठ महिने त्यातून काढत राहिल्यानं. ते तोंड उघडंच राहतं आणि आतली पोकळी गुहेसारखी वाढत जाते. तुमचा नाग अशाच पोकळीत असण्याची शक्यता जास्त. म्हणून एका मोठ्या उडव्याऐवजी लहान लहान उडवे करा, महिन्याला एक. रोज सात गोवऱ्या लागत असतील तर एका उडव्यात दोनशे दहा. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे चार उडवे, फरशीवर किंवा चोपून लिंपलेल्या जमिनीवर, दोघांमध्ये दोन फूट वाट. एक फोडला की तो संपवूनच दुसरा फोडायचा. लेपाला चीर पडली आहे का ते आठवड्याला बघा आणि पडली असेल तर त्याच दिवशी बुजवा.

गोवरी मात्र पूर्ण वाळलेली हवी. मोडली तर ती कडकन मोडते आणि मधला भाग कडेसारखाच फिकट दिसतो. मध्ये काळपट, ओलसर दिसलं किंवा मोडताना वाकली तर आणखी ऊन द्या. ओली गोवरी लेपाच्या आत बुरसते, तिच्यात किडे होतात आणि लेप फोडल्यावर विंचवाला तिथे खाणं तयार असतं.

कडब्याची गंजी या सगळ्यांत लांब हवी, आगीच्या भीतीनंही. चुलीची ठिणगी उडते त्या घराला गंजी लागून असू नये. शक्य असेल तर पन्नास फूट सोडा आणि सरपण व गंजी यांच्यातही मोकळी जागा ठेवा. खाली दगडांवर लाकडं आडवी टाकून माच करा, म्हणजे खालच्या पेंढ्या कुजणार नाहीत. गंजीलाही तोच नियम, दोन लहान गंज्या करा आणि एक जमिनीपर्यंत संपवा. जमेल तेवढ्या कडब्याची कुट्टी करून घातली तर जनावरं कमी टाकून देतात आणि कडबा कमी साठवावा लागतो. पण कुट्टी पोत्यांत भरून भिंतीशी थप्पी लावू नका, आठवड्याची करा आणि संपवा.

नवी मांडणी झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस उंदीर आधीपेक्षा जास्त दिसतील. जागा गेलेले उंदीर भटकत असतात, म्हणून घाबरून पुन्हा औषधाकडे वळू नका. पिंजरे आणखी पंधरा दिवस तसेच लावा. महिन्यानंतरही राखेवर रोज पावलं दिसत असतील तर माच वगैरे नीट आहे असं धरून खाणं कुठे उघडं राहिलं ते शोधा. बहुतेक वेळा ते दावणीखाली किंवा कोंबड्यांच्या खुराड्यात सापडतं.

इतकं करूनही कुणाला दंश होऊ शकतो, म्हणून घरातल्या सगळ्यांना हे माहीत असू द्या. लाल विंचू अंगानं लहान, नांग्या बारीक आणि शेपटी जाड असतो. मोठ्या नांग्यांच्या काळ्या इंगळीपेक्षा तोच जास्त घातक आहे. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, लाळ, हातपाय गार पडणं यांतलं काहीही दिसलं तर एक मिनिटही घालवू नका, मुलाच्या बाबतीत तर काही दिसायची वाटही बघू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरायला सुरुवात केल्यापासून वेळेत पोचलेल्यांचे प्राण वाचू लागले आहेत, पण ते औषध डॉक्टरनंच द्यायचं असतं. साप चावला तर हातापायाला घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका. अंगठ्या, जोडवी, बांगड्या काढा, तो भाग काठीला बांधून हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून दाखवायला नेण्याची गरज नसते. आणि पहाटे कुणी पोटात दुखतंय म्हणालं, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, बोलताना जीभ अडखळली, तर अंगावर दाताची खूण नसली तरी मण्यार चावली असं समजून निघा.

पहिला वळीव पडेल त्या रात्री अतिनील बॅटरी घेऊन दाराशी असलेली मांडणी खालून आणि मागून बघा. पावसाचं पाणी बिळांत शिरलं की विंचू आडोसा शोधत बाहेर पडतात, आणि सासूबाई पहाटे सरपण काढणार आहेत ती जागा त्या रात्री मोकळी असायला हवी.